एकाच घरातली दोन डोकी: खाज कोरडेपणाची की तेलाची

मंगळवार पेठेत आमचं मेडिकल आहे, काउंटरवर मीच असतो, त्यामुळे थंडी सुरू झाली की डोकं खाजतंय म्हणून येणारी माणसं रोज दोन-चार तरी असतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय कारण ह्यात आई आणि मुलगा दोघंही होते, एकच घर, एकच पाणी, एकच तेलाची बाटली, दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी, आणि तरी दोघांचं कारण बरोबर उलटं निघालं.

जानेवारीचे दिवस होते. काकू ५२ वर्षांच्या, मुलगा २४ चा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. काकू म्हणाल्या, "दादा, आमच्या दोघांच्या बी डोक्यात लई कोंडा झालाय, खाजवून खाजवून रात्री झोप नाही, ह्याचाच मला लागला बघा, एकच कंगवा वापरतोय आम्ही." काकूंचं म्हणणं असं की पोरगं दिवसभर भट्टीजवळ उभं असतं, उष्णतेनं त्याचं डोकं कोरडं पडलंय, म्हणून त्या त्याच्या डोक्याला रोज रात्री खोबरेल चोळतात, आणि स्वतःला मात्र पोराचा कोंडा लागलाय म्हणून त्याचाच कोंड्याचा शॅम्पू वापरतात, आधी मंगळवार आणि शुक्रवार डोकं धुवायच्या, आता रविवारी पण. म्हणजे आठवड्यात तीनदा. आणि पोरगं सुट्टीच्या दिवशी एकदाच धुतो.

ऐकायला सगळं पटण्यासारखंच वाटतं ना, भट्टीची धग, थंडीचे दिवस, म्हणजे डोकं कोरडंच पडणार. पण थंडी हा पुरावा धरता येत नाही, कारण कोरडेपणाही थंडीत वाढतो आणि तेलकट कोंडाही थंडीतच जास्त जोर करतो. म्हणून मी ऋतू बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न हा विचारला की डोकं धुतल्यावर खाज कधी सुरू होते, तासांत सांगा.

काकू लगेच म्हणाल्या, "धुतलं की त्याच दिवशी. शुक्रवारी सकाळी न्हाऊन अंबाबाईला जाऊन आले की दुपारपर्यंत ताणल्यासारखं होतंय आणि खाजायला लागतंय." मग रात्री तेल लावलं की बरं वाटतं आणि पुढच्या धुण्यापर्यंत बरंच शांत असतं. पोराचं उलटं. धुतल्यावर पहिला दिवस एकदम हलकं, दुसऱ्या दिवशी पण ठीक, तिसऱ्या दिवशी हेल्मेट काढलं की खाज, आणि सुट्टी जवळ येईल तसं असह्य. माझा अनुभव असा आहे की हा एक प्रश्न नीट विचारला तर निम्मं काम तिथंच होतं. कोरड्या डोक्याला धुणं त्रास देतं, कारण होतं नव्हतं ते तेल पण निघून जातं. तेलकट कोंड्याला धुतल्यावर आराम पडतो आणि तेल साठत जाईल तशी खाज परत येते.

इथं बहुतेक घरांत एक गफलत होते, ती म्हणजे तेल लावून बरं वाटलं म्हणजे कोरडेपणाच होता असं धरणं. पोराला पण तेल लावलं की रात्रीपुरतं बरं वाटायचं. तेलानं खपल्या मऊ होतात, केसांना आणि कातडीला चिकटून बसतात, खांद्यावर पडत नाहीत, म्हणून कोंडा गेल्यासारखा दिसतो. दोन दिवसांनी त्याच खपल्या जाड होऊन वर येतात. त्यामुळे पहिल्या रात्रीच्या आरामावरून काहीच ठरत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय होतं ते बघायचं.

मग मी दोघांच्या खपल्या बघितल्या. काकूंच्या भांगाजवळ हलकं खरडलं तर बारीक, पांढऱ्या, रांगोळीच्या भुकटीसारख्या, फुंकर मारली की उडणाऱ्या. काळ्या ब्लाऊजवर पडलेल्या झटकल्या की निघून जात होत्या. पोराच्या खपल्या मोठ्या, पिवळसर, केसाच्या मुळाशी धरून बसलेल्या, आणि नखानं काढली तर नखाखाली मेणासारखी बसायची. आता पोराच्या डोक्यात तेल होतं त्यामुळे ह्या मेणचटपणावर मी तेव्हा पूर्ण विश्वास ठेवला नाही, आणि ठेवायलाही नको होता, पण पुढं कागदाची जी तपासणी मी केली त्यात नेमकी ही लावलेल्या तेलाचीच चूक माझ्याकडून झाली.

कागदाची तपासणी म्हणजे साधा टिश्यू पेपर किंवा पातळ कोरा कागद घ्यायचा, केस बाजूला करून भांगात थेट कातडीवर दहा सेकंद दाबून धरायचा, घासायचा नाही, आणि मग उजेडासमोर धरून बघायचा. भडंगाच्या पुड्याला जसा आरपार तेलाचा डाग पडतो तसा डाग दिसला की तिथं तेल आहे. मी त्याच दिवशी दोघांचा कागद घेतला आणि दोघांच्याही कागदावर डाग आला. काकूंनी लगेच, "बघा, आमचं दोघांचं एकच हाय." पण काकूंनी आदल्या रात्री तेल लावलेलं आणि पोरानं पण लावलेलं, म्हणजे मी बाटलीतलं तेल मोजत होतो, डोक्यातलं नाही. ही तपासणी तेल बंद केल्याशिवाय करायचीच नसते हे मला माहीत होतं आणि तरी घाईत केली, तेव्हा ती रद्द धरली आणि दोघांना घरी करायला सांगितली.

सांगितलं ते असं. दोघांनी एकाच दिवशी सकाळी साध्या, औषध नसलेल्या शॅम्पूनं डोकं धुवायचं, पोरानं दोनदा शॅम्पू लावायचा कारण त्याच्या डोक्यात रोजच्या तेलाचा थर होता आणि एकदा धुण्यानं तो जात नाही. पाणी कोमट. त्यानंतर तीन दिवस तेल, सीरम, जेल, लिंबू, दही काहीही लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे २४ तासांनी एक कागद, आणि ४८ तासांनी दुसरा. दोन जागा, एक भांगात माथ्यावर आणि एक कानामागं केस सुरू होतात तिथं. कागदावर पेननं नाव आणि तास लिहायचे. पोरानं कागद हेल्मेट घालण्याआधी घ्यायचा, कारण घामानं पण कागद ओला होतो, फक्त घामाचा ओलेपणा पंधरा-वीस मिनिटांत वाळून जातो आणि तेलाचा डाग तसाच राहतो, म्हणून शंका आली तर कागद अर्धा तास ठेवून परत बघायचा.

चौथ्या दिवशी पोरगं चार नाही, आठ कागद घेऊन आलं, आईचे पण. काकूंचा २४ तासांचा कागद दोन्ही जागी कोरा, ४८ तासांचा माथ्यावर अगदी पुसट, कानामागं कोराच. आणि त्या तीन दिवसांत त्यांना खाज पहिल्याच दुपारी आलेली. पोराच्या २४ तासांच्या कागदावर माथ्याला रुपयाएवढा आरपार डाग, ४८ ला कानामागंसुद्धा. खाज तिसऱ्या दिवशी सुरू.

तरीपण एकट्या कागदावर निकाल द्यायचा नसतो. कितीतरी लोकांचं डोकं तेलकट असतं आणि कोंडा अजिबात नसतो, आणि काहींना तेल बेताचं असूनही कोंडा होतो. म्हणून मी डोक्याच्या बाहेर बघितलं, आणि मला वाटतं घरी सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात सोपी तपासणी हीच आहे. पोराच्या नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत लालसर होतं आणि त्यावर पिवळसर पापुद्रे, भुवयांत बारीक खपल्या, कानामागं पण. विचारल्यावर म्हणाला छातीच्या मधोमध पण कधीकधी लाल होतं, तो ते घामोळं समजत होता. ह्या सगळ्या जागा शरीरावर जिथं तेलाच्या ग्रंथी जास्त असतात त्याच आहेत, म्हणजे डोक्यातलं आणि नाकाजवळचं एकाच दुखण्याचं होतं. काकूंच्या चेहऱ्यावर असलं काही नाही. पण नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उठत होती, हातावरची कातडी बारीक भेगाळल्यासारखी, टाचा फुटलेल्या. म्हणजे त्यांचं सगळं अंगच कोरडं पडलेलं, डोकं त्यातलाच एक भाग. पावसाळ्यात कसं असतं विचारलं तर काकूंना जून ते सप्टेंबर काहीच त्रास नाही, आणि पोराला पावसाळ्यात पण थोडा असतोच, ओलं हेल्मेट असलं की जरा जास्तच.

आता हे असं उलटं का होतं ते थोडक्यात. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलेसेझिया नावाची एक बुरशी राहते, सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या, कोंडा असो नसो. ती कातडीतून येणाऱ्या तेलावर जगते. तेलाचे तुकडे करते, त्यातलं तिला पाहिजे तेवढं खाते आणि बाकीचं मागं ठेवते, त्यात ओलेइक ॲसिड असतं, आणि ज्यांच्या कातडीला ते सोसत नाही त्यांना खाज येते, कातडी घाईघाईनं नव्या पेशी वर ढकलते, त्या पेशी नीट सुट्या व्हायच्या आधीच गठ्ठ्यानं निघतात, तोच कोंडा. बाटलीतल्या तेलातली चरबी पण तिला खाता येते, खोबरेलातलीसुद्धा. म्हणजे काकू प्रेमानं रोज रात्री जे चोळत होत्या ते बुरशीच्या ताटात पडत होतं, आणि वरून हेल्मेटखाली घाम आणि ऊब. कंगव्यातून कोंडा लागला हे पण ह्यावरून खरं नाही ठरत, कारण बुरशी काकूंच्या डोक्यावर आधीपासून होतीच, त्यांच्या कातडीला तिचा त्रास नव्हता. कंगवे वेगळे ठेवावेत, स्वच्छतेला चांगलंच आहे, पण काकूंची खाज तिथून आलेली नव्हती.

काकूंच्या बाबतीत तेलच कमी. बाईमाणसाचं पाळी थांबल्यानंतर कातडीचं तेल कमी होत जातं, त्यात थंडीची कोरडी हवा, त्यात बंबाचं कडक पाणी, चटके बसतील एवढं गरम, आणि आठवड्यात तीनदा औषधी शॅम्पू. कातडीवरचा तेलाचा पातळ थर निघून गेला की आतलं पाणी उडून जातं, वरचा थर तडकतो, बारीक भुकटी पडते आणि खाजतं. म्हणजे त्या कोंडा समजून जेवढं जास्त धुत होत्या तेवढा तो वाढत होता. आईनं पोराचा इलाज घेतला आणि पोराला आईचा दिला, दोघांचीही तब्येत त्यामुळंच बिघडत गेली.

बाकीच्या शक्यता पण विचारून घेतल्या, त्या सोडून चालत नाही. काकूंना विचारलं केसांना डाय किंवा काळी मेहंदी लावता का, कारण डायच्या ॲलर्जीची खाज कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर येते आणि लावल्यानंतर एक-दोन दिवसांत सुरू होते. त्या लावत नाहीत. उवांच्या लिखा बघितल्या, लीख केसाला घट्ट चिकटते आणि बोटांनी ओढली तर सहज सरकत नाही, खपली सरकते. नव्हत्या. पोराच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जाड चंदेरी चट्टे आहेत का आणि नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का हे बघितलं, कारण सोरायसिस डोक्यातच सुरू होऊ शकतो आणि त्यात कडा स्पष्ट असलेला लाल, जाड चट्टा केसांच्या सीमेबाहेर कपाळावर येतो. तसं पण नव्हतं. आणि लहान मुलाच्या डोक्यात खपल्यांबरोबर गोल जागी केस तुटलेले दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, तिथं नुसता शॅम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं, त्यामुळे मुलांच्या बाबतीत मी काउंटरवर काहीच देत नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवतो.

पोराला पण मी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं, कारण चेहऱ्यावर आलेलं होतं. त्यांनी तेलकट कोंड्याचाच त्रास आहे सांगून २ टक्के केटोकोनॅझॉलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, आणि तेल पूर्ण बंद. काकूंना मी सांगितलं की औषधी शॅम्पू बंद, आठवड्यातून एकदाच किंवा फार तर दोनदा सौम्य शॅम्पू, तोही एकदाच लावायचा, पाणी मनगटावर ओतून बघितलं तर कोमट लागेल एवढंच, आणि धुण्याच्या आधी तासभर थोडं खोबरेल बोटांनी कातडीला लावायचं. तेल काकूंना चालतं. हे ऐकून त्यांना जरा विचित्र वाटलं, म्हणाल्या, "म्हणजे त्याचं तेल बंद आणि माझं चालू? उलटं नव्हं का हे?"

पहिल्या आठवड्यानंतर काकूंना फरक पडला होता, दुपारचं ताणणं गेलेलं, आणि खांद्यावरची भुकटी दोन आठवड्यांत जवळजवळ थांबली. पोराला मात्र काहीच फरक नाही. तो नाराज होऊन आला, "दादा, शॅम्पू चालत नाही की ओ." कसा लावतोस विचारलं तर साध्या शॅम्पूसारखा, केसांवर फेस केला आणि लगेच धुवून टाकला, दहा-पंधरा सेकंद. हे औषध केसांना नाही, कातडीला लागलं पाहिजे आणि तिथं तीन ते पाच मिनिटं राहिलं पाहिजे. त्याला सांगितलं की आधी साध्या शॅम्पूनं दिवसभराचा घाम-धूळ काढ, मग औषधी शॅम्पू बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, कातडीवर चोळ, आणि मोबाईलला पाच मिनिटांचा टायमर लाव. उरलेला फेस भुवया आणि नाकाच्या बाजूला थोडा वेळ लावायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं, ते पण तो विसरला होता. हेल्मेटच्या आतली पट्टी आठवड्यातून एकदा धुवायची.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत पिवळ्या खपल्या सुटायला लागल्या, नाकाजवळची लाली उतरली, चौथ्या आठवड्याला तिसऱ्या दिवसाची खाज गेली. मी म्हटलं झालं.

पण सहाव्या आठवड्यात पोरगं परत आलं, परत खाजतंय, परत कोंडा, चेहरा पडलेला. मला आधी वाटलं तेल सुरू केलं असेल. पण पहिला प्रश्न तोच विचारला, धुतल्यावर किती वेळानं खाजतं. म्हणाला दोन तासांत. खपल्या बघितल्या तर बारीक पांढऱ्या, उडणाऱ्या, आईसारख्या. नाकाजवळ एकदम साफ. मग कळलं की गुण आला म्हणून खूश होऊन त्यानं तो शॅम्पू रोज वापरायला सुरुवात केली होती, बारा-तेरा दिवस सलग. म्हणजे आता ह्याचंच डोकं कोरडं पडलेलं. इथं जर त्यानं कोंडा परत आला समजून शॅम्पू आणखी वाढवला असता, किंवा कोरडं पडलंय समजून रोजचं तेल सुरू केलं असतं, तर दोन्हीकडून फसला असता, कारण त्याची मूळ प्रकृती तेलकटच आहे, ती काही बदललेली नाही. आठवडाभर औषधी शॅम्पू थांबवायला सांगितला, मधे एकदाच साधा सौम्य शॅम्पू, तेल नाही. खाज पाच-सहा दिवसांत बसली. नंतर डॉक्टरांनी औषधी शॅम्पू आठवड्यातून एकदा आणि पुढं दोन आठवड्यांतून एकदा असा ठरवून दिला, कारण हा त्रास दबतो पण बुरशी डोक्यावरून कायमची जात नाही, पूर्ण सोडून दिलं की काही आठवड्यांत परत डोकं वर काढतो.

जे कुणी घरी असं करून बघतील त्यांच्यासाठी एवढं सांगतो की चार आठवडे नीट करूनही फरक नाही, किंवा पाणी-पू येतोय, दुखतंय, एका जागचे केस जातायत, तर कागद-बिगद बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. आणि कुणी शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून स्टेरॉइडचं लोशन डोक्याला लावू नका, खाज दोन दिवसांत थांबते म्हणून ते आवडतं, पण त्यानं दुखण्याचं खरं रूप झाकलं जातं आणि मग डॉक्टरला पण ओळखायला अवघड जातं. डॉक्टरांनी दिलं तर त्यांनी सांगितलेले दिवसच.

काकू परवा आल्या होत्या बीपीच्या गोळ्या न्यायला. डोकं शांत आहे म्हणाल्या. पोरगं पण बरं आहे, महिन्यातून दोनदा टायमर लावून धुतो, आणि रात्री आई तेलाची बाटली घेऊन आली की आधी स्वतःच कॅलेंडर दाखवतो, त्यावर कधी धुतलं आणि कधी खाजलं ते पेननं लिहून ठेवलेलं असतं.